आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना: आधी ऑथेंटिकेटर, सिम सगळ्यात शेवटी

प्रश्न: "माझा आयफोन ११ आहे. आता सॅमसंगचा फोन ऑनलाइन एक्सचेंजमध्ये मागवलाय. रविवारी डिलिव्हरी आहे, तोच माणूस जुना फोन घेऊन जाणार. व्हॉट्सअॅपचे चॅट, साधारण साठ जीबी फोटो आणि ऑथेंटिकेटरमधली खाती न्यायची आहेत. काही खाती गुगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये आहेत आणि कंपनीचं लॉगिन मायक्रोसॉफ्टच्या. नंबर ई-सिमवर आहे. आयक्लाउडचा बॅकअप रोज होतो, तेवढ्यावर नवीन फोनमध्ये सगळं येईल ना? मी डिचोलीला राहते, नोकरी वेर्ण्याला."

नाही येणार. आयक्लाउडचा बॅकअप फक्त दुसऱ्या आयफोनवर उतरतो, अँड्रॉइड तो वाचूच शकत नाही. व्हॉट्सअॅपचा जो बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो त्याचंही तेच. पण तुमचा प्रश्न वाचून मला बॅकअपपेक्षा रविवारी दारात येणाऱ्या माणसाची जास्त काळजी वाटली. नवीन फोनचा खोका उघडायच्या आधी जुना फोन त्याच्या पिशवीत जाणार असेल, तर तुम्ही विचारलेल्यातल्या निम्म्या गोष्टी कुठल्याही युक्तीने जमणार नाहीत.

फोंड्याला माझं मोबाइलचं दुकान आहे आणि कुंडईच्या दोन-तीन कंपन्यांचे फोनही मीच बघतो. "आत शिरता येत नाही" म्हणून जे लोक येतात त्यांच्यात फोटो हरवलेले कमी असतात. फोटो बहुतेक वेळा कुठेतरी सापडतात. अडतात ते ज्यांचा जुना फोन हातातून गेला आणि मग कळलं की लॉगिनचे कोड त्यातच होते. मागे चवथीच्या तोंडावर जहाजावर नोकरी करणारा एक तारवटी आला होता. सुट्टीवर घरी आलेला, नवीन फोन घेऊन खूश. जहाजाच्या कंपनीचं पोर्टल उघडायला गेला तर ते "तुमच्या फोनवर आलेली सूचना मंजूर करा" म्हणतंय, आणि सूचना जातेय विकून टाकलेल्या, पुसलेल्या आयफोनकडे. शेवटी त्याच्या ऑफिसच्या माणसाने नोंदणी मोकळी करून दिली, पण तोवर जॉइनिंगचे कागद अडकून पडले होते.

म्हणून पहिली गोष्ट: ऑर्डर बिनएक्सचेंजची करून घ्या. ते जमत नसेल तर ती रद्द करून अशा दुकानातून घ्या जिथे जुना फोन आठवड्याने दिला तरी चालतो. किंवा आयफोन नंतर वेगळा विका. दोन-चार हजार कमी मिळतील, मिळू देत. किमान एक आठवडा दोन्ही फोन चालू स्थितीत तुमच्या हातात हवेत. पुढचं सगळं हे धरूनच लिहितोय.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. कोड कुठल्या अॅपमध्ये आहेत, नंबर साध्या सिमवर आहे की ई-सिमवर, आणि फोटोंच्या मूळ प्रती फोनमध्ये आहेत की फक्त आयक्लाउडवर, या तीन गोष्टींवर वाट बदलते. पहिल्या दोन तुम्ही सांगितल्यात. तिसरी पाहायला आयफोनवर Settings मध्ये सगळ्यात वर तुमच्या नावावर टॅप करा, मग iCloud, मग Photos. तिथे Optimise iPhone Storage वर खूण असेल तर फोनमध्ये बऱ्याच फोटोंच्या फक्त हलक्या प्रती आहेत, मूळ फोटो वर आहेत. साठ जीबी फोटो असलेल्या फोनवर ही खूण बहुतेक वेळा असतेच. त्याचा परिणाम पुढे सांगतो.

सुरुवात ऑथेंटिकेटरपासून करू, कारण यात चूक झाली तर भरून काढणं सगळ्यात कठीण. हे सहा आकडी कोड कुठूनही येत नसतात, ते फोनमध्येच तयार होतात. तुम्ही पहिल्यांदा क्यूआर स्कॅन केला तेव्हा त्या संकेतस्थळाने एक गुप्त किल्ली फोनला दिली. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या हिशोबातून फोन दर तीस सेकंदांनी नवा कोड काढतो, आणि पलीकडे सर्व्हरही तोच हिशोब करतो. म्हणजे सिम काढून दुसरीकडे घातलं, त्याच ईमेलने लॉगिन केलं, तरी कोड मागोमाग येणार नाहीत. किल्ली न्यावी लागते, नाहीतर नवी करून घ्यावी लागते. तुमच्याकडे दोन अॅप आहेत आणि दोघांच्या दोन तऱ्हा आहेत.

गुगलचं ऑथेंटिकेटर सोपं आहे. आयफोनवर ते उघडून मेनूत Transfer accounts, मग Export accounts. न्यायची खाती निवडली की पडद्यावर क्यूआर येतो. सॅमसंगवर तेच अॅप टाकून Transfer accounts, मग Import accounts, आणि तो क्यूआर स्कॅन करायचा. खाती बरीच असतील तर एकामागून एक असे अनेक क्यूआर येतात. लोक पहिला स्कॅन झाला की झालं समजून उठतात, तसं करू नका, आयफोनवर पुढचा क्यूआर आहे का ते पाहा. या क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून स्वतःला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा मोह होतो, तोही टाळा. त्या एका चित्रात तुमच्या सगळ्या किल्ल्या असतात आणि स्क्रीनशॉट फोटोंबरोबर क्लाउडवर जाऊन बसतो.

झालं की नाही हे ओळखायची खूण अगदी साधी आहे. दोन्ही फोन टेबलावर शेजारी ठेवा, दोन्हीत तेच अॅप उघडा आणि एकेक नाव घेऊन आकडे वाचा. आयफोनवर 482 913 असेल तर त्याच क्षणी सॅमसंगवरही 482 913 च दिसला पाहिजे, आणि दोन्हीकडे कोड एकाच वेळी बदलला पाहिजे. आकडे वेगळे दिसले तर आधी सॅमसंगची तारीख-वेळ आपोआप घेण्यावर आहे का ते बघा. तरीही जुळले नाहीत तर ते खातं आलेलं नाही. जुळले तरी मी एक पायरी आणखी करतो. महत्त्वाच्या एका-दोन खात्यांतून लॅपटॉपवर बाहेर पडून नव्या फोनवरच्या कोडने परत आत जातो. तेवढं झाल्यावरच मन निश्चिंत होतं.

हे अॅप गुगल खात्याशी जोडून कोड आपोआप दुसऱ्या फोनवर आणायची सोयही 2023 पासून आहे. ती वापरायला माझी हरकत नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच गुगल खात्यात शिरायचा कोड त्याच अॅपमध्ये असेल, तर अडचणीच्या दिवशी गोल गोल फिराल. त्यासाठी आजच गुगल खात्याच्या सुरक्षा पानावरून Backup codes काढून ठेवा. आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहा किंवा छापा आणि घरात रेशनकार्ड जिथे असतं तिथे ठेवा. फोनच्या नोट्समध्ये ठेवले तर उपयोग नाही, कारण फोन हातात नसतानाच ते लागतात.

आता मायक्रोसॉफ्टचं ऑथेंटिकेटर. इथेच बरेच जण फसतात. अॅपमध्ये बॅकअप चालू असल्याचं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण आयफोनवर तो बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो, अँड्रॉइडवरचा मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक खात्यात, आणि एकीकडचा दुसरीकडे उतरत नाही. गुगलसारखा क्यूआर दाखवून सगळं हलवायची सोयही त्यात नाही. म्हणून यातलं प्रत्येक खातं नव्या फोनवर नव्याने जोडायचं.

कंपनीच्या खात्यासाठी लॅपटॉपवर हे पान उघडा: mysignins.microsoft.com/security-info. आत जाताना ते मंजुरी मागेल, ती आयफोनवरून द्या. जुना फोन जिवंत लागतो तो याच क्षणासाठी. मग Add sign-in method, त्यात Microsoft Authenticator निवडा. सॅमसंगवर अॅप टाकून, कंपनीचं खातं जोडायचा पर्याय घेऊन पडद्यावरचा क्यूआर स्कॅन करा. लॅपटॉपवर एक आकडा दिसेल, तो नव्या फोनवर टाकून मंजुरी द्यायची. यादीत आता दोन फोन दिसतील. जुन्याची नोंद लगेच काढू नका. आधी ब्राउझरच्या खासगी म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत नव्याने लॉगिन करून मंजुरी सॅमसंगवरून देता येते का ते पाहा. देता आली, की मगच यादीतून आयफोनची नोंद काढा.

हे काम कामाच्या दिवशी आणि शक्यतो ऑफिसात बसून करा. काही कंपन्यांत नवा फोन जोडायला आयटीची परवानगी लागते, काही ठिकाणी फक्त कंपनीच्या नेटवर्कवरूनच जोडता येतो. अडलात तर नोंदणी मोकळी करून देणारा किंवा तात्पुरता पास देणारा माणूस आयटीतच असतो, आणि तो शनिवारी रात्री फोन उचलणार नाही.

त्याच मायक्रोसॉफ्टच्या अॅपमध्ये एखाद्या खरेदीच्या किंवा सोशल मीडियाच्या खात्याचे साधे सहा आकडी कोडही असतील, तर त्या त्या संकेतस्थळाच्या सुरक्षा विभागात जाऊन ऑथेंटिकेटर नव्याने बसवावं लागेल. जुन्या फोनवरच्या कोडने आत जा, अॅप बदलायचा पर्याय निवडा आणि नवा क्यूआर सॅमसंगने स्कॅन करा. इथे मघाची शेजारी ठेवून बघायची खूण उलटी होते. नवी किल्ली मिळाल्यामुळे दोन फोनवरचे आकडे वेगळे दिसणार, आणि ते तसेच असायला हवेत. चालेल तो नव्या फोनवरचा. असं खातं नव्याने बसवत असालच, तर ते गुगलच्या किंवा दोन्ही प्रकारच्या फोनांवर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या अॅपमध्ये बसवा, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत नको.

आणखी एक कोपरा तपासा. आयफोनच्या स्वतःच्या Passwords मध्येही कोड आणि पासकी साठलेल्या असू शकतात. ऑथेंटिकेटर न उघडता कोड आपोआप भरला जातो असं एखादं संकेतस्थळ असेल, तर त्याचा कोड तिथे आहे. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी चेहरा दाखवून आत जाणं, आणि तिथली पासकी सॅमसंगवर आपोआप दिसणार नाही. अशा खात्यात नव्या फोनवरून दुसरी पासकी जोडून घ्या, आणि पासवर्ड आठवतोय का तेही पाहून ठेवा.

आता सिम. नवीन फोन आला की पहिलं सिम हलवायचं ही आपली सवय. माझा सल्ला उलटा आहे, सिम शेवटी. एसएमएसचा कोड सॅमसंगवरच यायला हवा असं नाही. तो आयफोनवर येऊ द्या, तुम्ही वाचून सॅमसंगवर टाइप करा. व्हॉट्सअॅपसाठीही हे चालतं. ज्यांचं साधं सिम आहे त्यांना याने थोडा फरक पडतो. तुम्हाला मात्र मोठा पडतो, कारण तुमचं ई-सिम आहे.

ई-सिम उचलून दुसऱ्या फोनमध्ये घालता येत नाही. कंपनीकडून नवं ई-सिम किंवा नवं साधं सिम घ्यावं लागतं, आणि ते सिम बदलल्यासारखं धरलं जातं. आपल्याकडे सिम बदललं की नवं सिम सुरू झाल्यापासून चोवीस तास एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद राहतं. कुणी फसवून तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच बँकेचे कोड मिळू नयेत म्हणून हा नियम आहे, आणि तो चांगला आहे. पण तुम्हाला तो माहीत नसेल तर तो दिवस वाईट जातो. कॉल चालतात, नेट चालतं, त्यामुळे सगळं नीट आहे असं वाटतं आणि बँकेचा कोड काही केल्या येत नाही. लोक मग पुन्हा पुन्हा प्रयत्न करून खातं तात्पुरतं लॉक करून घेतात. तुमच्या बाबतीत हे चोवीस तास धरूनच चाला, आणि ज्या दिवशी बँकेचं, गॅस बुकिंगचं, रेल्वे तिकिटाचं काम नाही असा दिवस निवडा. संध्याकाळी बदललंत तर निम्मा वेळ झोपेत जातो.

यूपीआयचं यातच येतं. यूपीआय अॅप नव्या फोनवर सुरू करताना त्या फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो, त्यावरून बँकेला कळतं की हा फोन तुमचाच आहे. म्हणजे ते चोवीस तास संपेपर्यंत नव्या फोनवर यूपीआय जोडलंच जाणार नाही. त्यानंतर जोडलंत की पहिल्या दिवशी पाच हजारांच्या वर पाठवता येत नाही, ही मर्यादा नवीन फोनसाठी सगळ्यांनाच असते. एकूण दोन दिवस पाकिटात थोडी रोख आणि डेबिट कार्ड ठेवा. प्रीपेड नंबर असेल तर एसएमएसपुरता बॅलन्सही हवा. यूपीआयचा पिन आठवत असेल तर बहुतेक वेळा तोच चालतो, नसेल तर कार्डाचे शेवटचे सहा आकडे लागतात.

सिम हलवायच्या आधी आयफोनवर आयमेसेज बंद करा. तो Settings मध्ये Messages खाली सापडतो, नव्या आवृत्तीत Apps च्या आत. शेजारी फेसटाइमही बंद करा. आपल्याकडे आयमेसेज कोण वापरतो असं म्हणाल, पण गोव्यातल्या किती घरांतलं कुणी ना कुणी इंग्लंड-पोर्तुगालला आहे. त्यांच्या आयफोनला तुमचा नंबर अजून आयमेसेजवाला वाटत राहतो, ते मेसेज पाठवतात आणि तो तुमच्या नव्या फोनवर येतच नाही. त्यांच्याकडे मात्र गेल्यासारखं दिसतं. फोन आधीच दिलेला असेल तर selfsolve.apple.com/deregister-imessage या पानावर नंबर टाकून, एसएमएसने आलेला कोड भरून हे बंद करता येतं. पुन्हा एसएमएसच लागतो हे लक्षात घ्या.

आता व्हॉट्सअॅप. इथे खरी संधी एकदाच मिळते. चॅट हलवायला नवा फोन कोरा असावा लागतो, म्हणजे पहिल्यांदा सुरू करताना किंवा फॅक्टरी रीसेट केल्यावर. आधी घाईने व्हॉट्सअॅप उघडून नंबर टाकलात आणि दोन-चार गप्पा झाल्या, तर नंतर जुने चॅट त्यात मिसळता येत नाहीत. मग फोन पुसून पुन्हा पहिल्यापासून.

केबल लागते. आयफोन ११ ला लायटनिंगचं तोंड आहे आणि सॅमसंगला यूएसबी-सी, म्हणून यूएसबी-सी ते लायटनिंग केबल हवी. तुमच्या फोनबरोबर आलेली केबल दुसऱ्या टोकाला जुन्या चपट्या यूएसबीची असेल तर मध्ये ओटीजी अडॅप्टर लावावा लागेल. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून डेटा जात नाही. ओळखायचं कसं? जोडल्यावर आयफोन "Trust This Computer" किंवा तसलं काही विचारतो. काहीच न विचारता नुसता चार्ज होऊ लागला तर केबल बदला.

दोन्ही फोन चार्ज करा आणि आयफोनवरचं व्हॉट्सअॅप अपडेट करा. आणि Settings, Account, Two-step verification मध्ये जाऊन तुमचा सहा आकडी पिन आठवतोय का ते पाहा. आठवत नसेल तर आयफोनवर चालू असतानाच बदला. नव्या फोनवर तो मागितला आणि आठवला नाही, शिवाय ईमेलही जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं.

सॅमसंग सुरू करताना जुन्या फोनमधून डेटा आणायचा का असं विचारतो, तिथे हो म्हणून केबल जोडा. संपर्क, कॅलेंडर, साधे मेसेज या यादीत व्हॉट्सअॅपही दिसेल. ते निवडलं की सॅमसंगवर क्यूआर येतो, तो आयफोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा. आयफोनवर व्हॉट्सअॅपमध्ये Move chats to Android असं पान उघडतं, तिथे Start दाबा. मग आयफोनचा पडदा बंद होऊ देऊ नका आणि दुसरं अॅप उघडू नका. चॅटमध्ये व्हिडिओ भरपूर असतील तर हे तासाच्या वर चालतं. वीज जाण्याचा दिवस असेल तर आधीच बॅटरी भरलेली बरी. सगळं झालं की सॅमसंगवर व्हॉट्सअॅप उघडा, तोच नंबर टाका, आयफोनवर आलेला कोड भरा आणि चॅट आणायचे का विचारल्यावर हो म्हणा. कॉलची यादी येत नाही, पैशांच्या देवाणघेवाणीचे संदेशही येत नाहीत. चॅट आयफोनवरून पुसले जात नाहीत, फक्त तिथलं व्हॉट्सअॅप लॉगआउट होतं. आल्यावर एखादा जुना ग्रुप उघडून वर वर सरकवा, तीन-चार वर्षांपूर्वीचा एक फोटो मोठा करून बघा, एक व्हॉइस नोट वाजवा. मग पुढे चला.

फोटोंचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात धावपळ नाही, वेळ मात्र लागतो. Optimise iPhone Storage ची खूण असेल तर केबलने फक्त फोनमध्ये असलेलंच येईल, आयक्लाउडवरचे मूळ फोटो नाहीत. म्हणून privacy.apple.com वर जाऊन फोटोंची प्रत गुगल फोटोजकडे पाठवायची विनंती करा. हे थेट सर्व्हरवरून सर्व्हरवर जातं, तुमचं घरचं नेट वापरत नाही. तीन ते सात दिवस लागतात, म्हणून आजच टाका. संपलं की ईमेल येतो. आयक्लाउडवरचे फोटो तसेच राहतात.

पण गुगलची फुकटची जागा पंधरा जीबी, आणि ती जीमेल व ड्राइव्हबरोबर वाटून घेतलेली असते. साठ जीबी त्यात मावत नाही. नुसतं फोटो अर्धवट राहिले असते तर चाललं असतं, पण जागा पूर्ण भरली की जीमेलमध्ये मेल येणंही थांबतं. म्हणून विनंतीच्या आधी एक-दोन महिन्यांपुरती का होईना जागा विकत घ्या. ती घ्यायची नसेल तर लॅपटॉपवर आयक्लाउडमधून मूळ फोटो उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. इतरांनी शेअर केलेले अल्बम आणि लाइव्ह फोटोंचा हलता भाग या वाटेने येत नाही. एखाद्या शेअर अल्बममध्ये लग्नाचे फोटो असतील तर ते आधी आपल्या फोटोंमध्ये सेव्ह करून घ्या. संपादित केलेल्या फोटोची शेवटची आवृत्तीच येते.

तुमच्यासाठी क्रम असा लावीन. आज रात्री फोटोंची विनंती, गुगलचे बॅकअप कोड कागदावर, व्हॉट्सअॅपचा पिन, केबलची सोय, आणि ऑर्डरमधलं एक्सचेंज रद्द. रविवारी सॅमसंग कोरा असतानाच केबलने डेटा आणि व्हॉट्सअॅप, संध्याकाळी गुगलचं ऑथेंटिकेटर. सोमवारी किंवा मंगळवारी वेर्ण्याला ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं. मधले दिवस रोजची कामं सॅमसंगवर करा आणि आयफोन बॅगेत ठेवा. काय राहिलं ते या दिवसांतच कळतं. एखादं खातं कोड मागतं आणि तो फक्त आयफोनवर असतो, तेव्हा लगेच हलवता येतं. शुक्रवारी संध्याकाळी आयमेसेज बंद करून सिम बदला, शनिवारी रात्री यूपीआय आणि बँकेची अॅप जोडा. तोवर फोटोंचा ईमेलही आलेला असेल.

आयफोन देण्याआधी अॅपल खात्यातला भरवशाचा नंबर तपासा, Settings मध्ये नावाखाली Sign-In & Security. घरात दुसरं अॅपलचं उपकरण नसेल, तर आयफोन गेल्यावर आयक्लाउडमध्ये शिरायचा कोड फक्त त्या नंबरवर एसएमएसने येईल. तिथे एखादा बंद पडलेला नंबर असेल तर राहिलेले फोटो बघायला जाताना अडाल.

आणि फोन रिकामा करायचा म्हणून फोटो हाताने निवडून डिलीट करू नका. आयक्लाउड फोटो चालू असताना फोनवरून उडवलेला फोटो आयक्लाउडवरूनही उडतो. थेट Settings, General, Transfer or Reset iPhone, मग Erase All Content and Settings घ्या. ते अॅपलचा पासवर्ड मागतं आणि Find My बंद करतं. ते बंद नसेल तर कुणीही फोन घेणार नाही, आणि घेतला तरी पुढच्या माणसाला तो उघडणार नाही. पुसताना ई-सिम ठेवायचं की काढायचं असंही विचारेल. नंबर सॅमसंगवर चालू असल्याची खात्री झालेली असेल तर काढा. पुसून झाल्यावर "Hello" चं पान आलं आणि पुढे गेल्यावर जुनं अॅपल खातं मागितलं नाही, की मगच आयफोन घेणाऱ्याच्या हातात द्या.